पंधरा हजारांत ‘कायमचे सर्व हक्क’ : सही करू का?

प्रश्न : मॅडम, मी वाईत राहतो, फोटोग्राफी हाच माझा व्यवसाय. पाचगणीजवळ स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या एका बाईंचा मी दोन वर्षांपूर्वी काढलेला फोटो एका जॅम कंपनीला बाटलीच्या लेबलवर, वेबसाइटवर आणि होर्डिंगवर हवा आहे. ‘कायमचे सर्व हक्क’ देण्याचे १५,००० रुपये म्हणतात. वर्षाला दोन लाख बाटल्या निघतात, असं त्यांच्याच मेलमध्ये आहे. शिवाय मळ्याचे आणखी दोन फोटो नव्याने काढून द्यायचे आहेत. आधी महाबळेश्वरच्या एका हॉटेलला वेबसाइटसाठी वर्षभराकरिता एक फोटो ६,००० रुपयांना दिला होता. आता किती मागू आणि कशावर सही करू?

उत्तर : कंपनीने पाठवलेल्या कराराच्या मसुद्यावर सही करू नका. कंपनी फोटो वापरायला मागते आहे असं तुम्हाला वाटतंय, पण मसुद्यात ती तो विकत घेते आहे. एकदा सही झाली की तोच फोटो उद्या तुम्ही एखाद्या मासिकाला दिलात, तर हक्कभंग तुमच्याकडून झालेला असेल. तुम्हाला द्यायचं आहे ते लायसन्स: कॉपीराइट तुमच्याकडे, कंपनीला ठरावीक वापराची ठरावीक काळापुरती परवानगी.

तुमच्या मेलमधला ‘मुदत आणि प्रदेश लिहिलंच नाही तर?’ हा उपप्रश्न नेमका आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर संपूर्ण भारत. कलम ३०-अ मुळे हेच नियम लायसन्सलाही लागू होतात. म्हणजे मोकळी सोडलेली जागा मोकळी राहत नाही, कायदा ती भरतो आणि तुमच्या बाबतीत ती कंपनीच्या सोयीने भरली जाते. लायसन्स लेखी असावं लागतं. व्हॉट्सॲपवरच्या ‘ओके सर, चालेल’वर विसंबू नका.

आता रक्कम. फोटोच्या लायसन्सला आपल्याकडे सरकारी दरपत्रक नाही. त्यामुळे तुमचा स्वतःचा जुना व्यवहार हाच सगळ्यात भक्कम पाया. हॉटेलचे ६,००० हे एका छोट्या गिऱ्हाइकाच्या एका वेबसाइटचे. राज्यभर विकणाऱ्या कंपनीसाठी वेबसाइट आणि सोशल मीडिया मिळून वर्षाचे १०,००० मागणं मला रास्त वाटतं.

लेबलचा हिशेब वेगळा, कारण तिथे तुमचा फोटो मालासोबत विकला जातो. पंधरा हजारांना दोन लाखांनी भागा: पहिल्याच वर्षी बाटलीमागे साडेसात पैसे आणि पुढच्या सगळ्या वर्षांचं काहीच नाही. मी १५ पैसे धरेन. दोन लाख लेबलांचे ३०,००० होतात आणि त्यावर छापलेल्या प्रत्येक लेबलाला तोच दर. मोजायचं ते छापलेलं लेबल, विकलेली बाटली नव्हे. विक्रीचा आकडा कंपनीच्या पोटात असतो, छपाईचा आकडा छापखान्याच्या बिलावर दिसतो. त्या बिलाची प्रत मिळण्याचा हक्क करारात घाला. होर्डिंगला जागा आणि महिने मोजतात. पुणे आणि सातारा मिळून दहा जागा, तीन महिने, असं असेल तर १५,००० ठेवा.

असे पहिल्या वर्षाचे ५५,००० झाले. दोन वर्षं हवी असतील तर दुसऱ्या वर्षी होर्डिंग नाही, आणि वेबसाइट-लेबलच्या ४०,०००वर चौथा हिस्सा सूट, म्हणजे ३०,०००. एकूण ८५,०००. ‘आमच्याशिवाय कोणालाच द्यायचा नाही’ असं म्हणाले, तर ती बंदी जॅम, सरबत, क्रश एवढ्या मालापुरती ठेवा आणि दीडपट सांगा. पर्यटनाच्या पुस्तिकेला तो फोटो देण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे.

‘आमचं बजेट पंधराच आहे’ हे उत्तर येईलच. तेव्हा दर पाडू नका, वापर कापा. वेबसाइट-सोशल मीडियाचे १०,००० आणि सणासुदीच्या तीस हजार बाटल्यांचे ४,५००: त्यांच्या पंधरा हजारांत एवढं बसतं. असं मांडलं की बोलणं किमतीवरून वापरावर येतं, आणि बऱ्याचदा बजेटही थोडं सैल होतं.

मुदत कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते आकड्यांत लिहा. ‘पहिल्या वापरापासून’ असं लिहिलंत तर पहिला वापर कधी झाला यावरूनच वाद होतो. लेबलच्या बाबतीत मुदत संपते तेव्हा गोदामात माल शिल्लक असतोच. तो विकायला तीन महिने द्या, पण नवी छपाई बंद. त्यानंतरही वापर चालू राहिला तर ठरलेल्या दराच्या दुप्पट भरपाई, असं कलम घाला. कोर्ट ती रक्कम डोळे मिटून देत नाही, वाजवी तेवढीच देते. दुप्पट ही वरची मर्यादा समजा.

एक वाक्य मसुद्यात नाही, ते तुम्ही घाला: ‘कंपनी हे छायाचित्र किंवा ते असलेलं लेबल ट्रेडमार्क म्हणून नोंदवणार नाही.’ ट्रेडमार्कची नोंदणी दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण होत राहतं. तुमचं दोन वर्षांचं लायसन्स संपेल तेव्हा कंपनी तिच्या नोंदवलेल्या लेबलावर हक्क सांगेल, आणि मग भांडण लांबतं.

नव्या दोन फोटोंची गोष्ट उलटी आहे. जुना फोटो तुम्ही आपणहून काढलात म्हणून तो तुमचा. पण कोणी सांगून, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, कलम १७ प्रमाणे, काढून घेणारा असतो, उलट करार नसेल तर. म्हणून कॅमेरा बाहेर काढण्याआधी वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या की कॉपीराइट छायाचित्रकाराचा आणि कंपनीला पुढील वापरापुरतं लायसन्स. दिवसाचं मानधन आणि लायसन्सची रक्कम दोन वेगळ्या ओळींत दाखवा. एकाच आकड्यात बसवलंत तर ‘फोटो आम्ही काढून घेतला’ म्हणायला त्यांना सोपं जातं.

आता त्या बाई. मसुद्यातल्या अकराव्या कलमात ‘छायाचित्रातील व्यक्तीची हरकत आल्यास संपूर्ण जबाबदारी छायाचित्रकाराची’ असं आहे. फोटो तुमचा असला तरी चेहरा त्यांचा आहे, आणि प्रदर्शनात लावणं वेगळं, जॅम विकायला वापरणं वेगळं. मळ्यावर जा, लेबलचा नमुना दाखवा, मराठीत लिहिलेली संमती वाचून दाखवून सही घ्या आणि त्यांना पैसे द्या. किती, ते त्यांच्याशी बोलून ठरवा. ही रक्कम कंपनीकडून वेगळी मागा, तुमच्या फीमधून नको. त्या नाही म्हणाल्या तर हा फोटो लेबलला द्यायचाच नाही. संमती मिळाली तरी जबाबदारी तुमच्या फीच्या रकमेपुरती मर्यादित करून घ्या.

शेवटी, ‘पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच लायसन्स सुरू होईल’ ही ओळ घाला. मूळ रॉ फाइल कोणालाही देऊ नका; तुम्हीच फोटो काढल्याचा तो पुरावा आहे. कोटेशनवर ‘जीएसटी लागू असल्यास वेगळा’ असं लिहा. कंपनी साधारण १० टक्के टीडीएस कापेल. तो पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना जमा दिसतो, पण खात्यात येणारा आकडा कमी असेल हे धरूनच बोलणी करा.