शेअर प्रीमियमवर दिले, काही जप्त केले, पुन्हा विकले: कॅपिटल रिझर्व्ह का चुकतो?

प्रश्न: प्रीमियमवर दिलेले शेअर जप्त करून पुन्हा विकले, तर प्रीमियम कधी नावे करायचा आणि कधी नाही? माझी बॅलन्स शीट जुळते, पण कॅपिटल रिझर्व्ह दर वेळी चुकतो.

बॅलन्स शीट जुळणारच. या नोंदींत होणाऱ्या दोन मोठ्या चुका अशा आहेत की त्या करूनही नावे आणि जमा सारखेच राहतात. संध्याकाळच्या वर्गात मी बरीच वर्षं हा धडा शिकवतोय आणि चांगल्या मुलांचे गुण इथेच जाताना पाहतो. म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो.

कंपनीने ₹१० दर्शनी किमतीचे १०,००० समभाग ₹४ प्रीमियमने काढले. अर्जासोबत ₹३, ॲलॉटमेंटला ₹७ (यात प्रीमियमचे ₹४) आणि फर्स्ट अँड फायनल कॉलला ₹४. सगळे शेअर खपले. ‘अ’कडे २०० शेअर होते, त्याने अर्जाच्या पैशांनंतर काहीच भरलं नाही. ‘ब’कडे ३०० होते, त्याने ॲलॉटमेंट भरली आणि फक्त कॉल थकवला.

अर्जाची नोंद सोपी आहे, ती सोडतो. ॲलॉटमेंट देय झाली तेव्हाची नोंद मात्र नीट बघा:

शेअर ॲलॉटमेंट खाते नावे ७०,०००
शेअर कॅपिटल खाते जमा ३०,०००
सिक्युरिटीज प्रीमियम खाते जमा ४०,०००

इथे पैसे अजून आलेले नाहीत. तरी ‘अ’च्या २०० शेअरांचे ₹८०० प्रीमियम खात्यात जमा होऊन बसले. बँकेत आले ₹६८,६००, कारण त्याचे ₹१,४०० थकले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच नोंदीत आहे: जो प्रीमियम नुसता देय म्हणून जमा केला आणि कधी हातात आला नाही, तो जप्तीच्या वेळी उलटा फिरवायचा. जो प्रत्यक्ष मिळाला, त्याला हात लावायचा नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ५२ ने प्रीमियमची रक्कम कुठे वापरायची ते ठरवून दिलंय: बोनस शेअर, शेअर काढण्याचा खर्च, बायबॅक अशी मोजकी कामं. भागधारकाने पुढचा हप्ता थकवला, हे त्या यादीत नाही.

मग कॉलचे ₹४०,००० शेअर कॅपिटलला जमा झाले आणि बँकेत ₹३८,००० आले. ‘अ’चे ₹८०० आणि ‘ब’चे ₹१,२०० राहिले. कंपनीने निदान चौदा दिवसांची मुदत देणारी नोटीस पाठवली, तीही उलटली, संचालक मंडळाने ठराव केला आणि शेअर जप्त झाले. ठरावाआधी जर्नलमध्ये काही लिहायचं नसतं.

‘अ’ची जप्ती:

शेअर कॅपिटल खाते नावे २,०००
सिक्युरिटीज प्रीमियम खाते नावे ८००
शेअर ॲलॉटमेंट खाते जमा १,४००
फायनल कॉल खाते जमा ८००
शेअर फॉरफिचर खाते जमा ६००

‘ब’ची जप्ती:

शेअर कॅपिटल खाते नावे ३,०००
फायनल कॉल खाते जमा १,२००
शेअर फॉरफिचर खाते जमा १,८००

‘ब’ने खिशातून शेअरमागे ₹१० भरले होते, पण फॉरफिचरला आले ₹६ च. उरलेले ₹४ प्रीमियमचे, ते आधीच आपल्या जागी बसलेत. इथे कुणी प्रीमियम ₹१,२०० ने नावे केला, तर फॉरफिचर ₹३,००० होतं, नोंद तरीही जुळते, आणि चूक पुढे कॅपिटल रिझर्व्हमध्ये फुगून येते. ही पहिली मोठी चूक. ती पकडायला एक साधी कसोटी मी लावतो: फॉरफिचरची रक्कम शेअरांच्या संख्येने भागा. ‘अ’चे ₹३, ‘ब’चे ₹६. हा आकडा म्हणजे त्या माणसाने प्रीमियम वगळून भरलेली रक्कमच असली पाहिजे.

आणखी एक: शेअर कॅपिटल नावे करताना दर्शनी किंमत नव्हे, तोवर मागवलेली रक्कम धरायची. ‘अ’चे शेअर कॉलच्या आधीच जप्त झाले असते, तर कॅपिटल ₹१,२०० नेच नावे झालं असतं आणि कॉलची ओळ आलीच नसती. प्रीमियमचे ₹८०० मात्र तसेच राहिले असते.

आता पुनर्विक्री. कंपनीने ‘अ’चे सगळे २०० आणि ‘ब’चे २०० असे ४०० शेअर, पूर्ण भरलेले म्हणून, ₹८ ला विकले.

बँक खाते नावे ३,२००
शेअर फॉरफिचर खाते नावे ८००
शेअर कॅपिटल खाते जमा ४,०००

शेअरमागे ₹२ ची ही सूट फॉरफिचरमधून गेली. सूट किती देता येते, याला मर्यादा आहे: त्याच शेअरवर जप्त झालेल्या रकमेपेक्षा जास्त नाही. म्हणजे ‘अ’चे शेअर ₹७ च्या खाली देता येत नाहीत, ‘ब’चे ₹४ पर्यंत देता येतात. उलट ₹१२ ला विकले असते, तर वरचे ₹२ सिक्युरिटीज प्रीमियमला जमा झाले असते आणि फॉरफिचरमधून काहीच वजा झालं नसतं.

दुसरी मोठी चूक इथे होते. फॉरफिचर खात्यात आता ₹१,६०० दिसतात आणि पुष्कळ जण ते सगळेच कॅपिटल रिझर्व्हला नेतात. पण ‘ब’चे १०० शेअर अजून कंपनीकडेच आहेत. उद्या ते सुटीत विकायचे, तर ती सूट कुठून देणार? म्हणून फक्त विकलेल्या शेअरांवरची रक्कम न्यायची, तीही प्रत्येकाची वेगळी काढून. ‘अ’च्या २०० वर जप्त ₹६००, त्यातून सूट ₹४०० गेली, उरले ₹२००. ‘ब’च्या ₹१,८०० चा २००/३०० हिस्सा ₹१,२००, त्यातून सूट ₹४०० गेली, उरले ₹८००.

शेअर फॉरफिचर खाते नावे १,०००
कॅपिटल रिझर्व्ह खाते जमा १,०००

दोघांचे ₹२,४०० एकत्र करून ५०० ने भागू नका. सरासरी ₹४.८० येते, त्या हिशेबाने रिझर्व्ह ₹१,१२० निघतो, आणि तो चूक आहे.

फॉरफिचरमध्ये ₹६०० उरले. ‘ब’चे राहिलेले १०० शेअर गुणिले ₹६, बरोबर तेवढेच. बॅलन्स शीटमध्ये हे ₹६०० शेअर कॅपिटलच्या टिपेत, वसूल भांडवलात मिळवून दाखवायचे. बँकेत आलेले एकूण ₹१,३९,८००. समोर भांडवल ₹९९,०००, फॉरफिचर ₹६००, प्रीमियम ₹३९,२०० आणि रिझर्व्ह ₹१,०००: बेरीज तीच. पण मुद्दाम ₹१,६०० रिझर्व्हला नेऊन पाहा, बेरीज तरीही ₹१,३९,८०० च येईल. ही चूक फक्त त्या १०० गुणिले ₹६ ने सापडते.