पेशीविभाजनाची शब्दसूची: आधी गुणसूत्र मोजायला शिका

व्याख्यानाचा मजकूर वाचताना भेटेल तो शब्द लिहीत गेलात तर चार पानं होतील. मी 'गुणसूत्र', 'क्रोमॅटिड' आणि 'सेंट्रोमिअर' हे तीन शब्द आधी पक्के करते, कारण बाकीच्या व्याख्या त्यांवरच उभ्या राहतात.

बोलताना शिक्षक एकाच दमात म्हणतात, "गुणसूत्रं दुप्पट झाली, पण संख्या 46च राहिली." ऐकताना हे खटकत नाही, कागदावर मात्र चूक वाटते. म्हणून सूचीत सेंट्रोमिअर आधी घ्या: दोन क्रोमॅटिड, म्हणजे एकाच गुणसूत्राच्या दोन सारख्या प्रती, जिथे जोडलेल्या असतात ती जागा. मग गुणसूत्र मोजायचं ते सेंट्रोमिअर मोजून. माणसाच्या पेशीत डीएनएची प्रत तयार झाल्यावर गुणसूत्रं 46 आणि क्रोमॅटिड 92. अ‍ॅनाफेज या विभाजनाच्या टप्प्यात क्रोमॅटिड सुटले की प्रत्येक जण स्वतंत्र गुणसूत्र, म्हणजे पेशीत क्षणभर 92, आणि पेशी दुभंगल्यावर पुन्हा 46-46. हे आकडे व्याख्येतच लिहा.

आणखी एक. आपोआप उतरवलेल्या मजकुरात 'मायटोसिस' आणि 'मायोसिस' या पेशीविभाजनाच्या दोन प्रकारांची हमखास अदलाबदल होते. शब्दावर विसंबू नका, पुढची ओळ बघा. चार पेशी, 23 गुणसूत्रं किंवा जोडीतल्या गुणसूत्रांची देवाणघेवाण आली, तर ते मायोसिसच.

प्रोफेज, मेटाफेज वगैरेंना प्रत्येकी एक ओळ पुरते: त्या टप्प्यात गुणसूत्रं कुठे दिसतात, एवढंच.