भौतिकशास्त्राच्या सूत्रांचं एकच पान: अटीसकट कसं बसवायचं

प्रश्न: "पूर्ण अभ्यासक्रमाची सूत्रं एका पानावर हवी आहेत. धडावार लिहायला घेतली तर सहा पानं झाली. तरीही गणित समोर आलं की यातलं कोणतं सूत्र लावायचं तेच कळत नाही. काय चुकतंय?"

दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. पानावर सूत्रं आहेत, पण ती कधी चालतात हे लिहिलेलं नाही. अटी लिहायला लागलात की कोणती सूत्रं नकोत तेही आपोआप दिसायला लागतं.

आधी कच्च्या कागदावर छाटणी करा. प्रत्येक सूत्रासमोर एकच प्रश्न विचारा: हे पानावरच्या दुसऱ्या सूत्रातून एका ओळीत निघतं का? निघत असेल तर काट मारा. V = IR असताना I = V/R लिहायची गरज नाही. मुक्त पतनाचं v² = 2gh म्हणजे v² = u² + 2as मध्ये u = 0 आणि a = g घातलं, इतकंच; तेही जाईल. प्रक्षेपणाचा पल्ला R = u² sin2θ/g मात्र ठेवा, कारण तो काढायला तीन-चार ओळी लागतात. पण त्याच्यापुढे "फेकण्याची आणि पडण्याची पातळी एकच, हवेचा रोध नाही" हे लिहिलंच पाहिजे. मनोऱ्यावरून फेकलेल्या चेंडूला हे सूत्र लावून चुकीचं उत्तर काढणारे खूप असतात.

आता मांडणी. ए४ पान उभं धरा, चारी बाजूंना १ सेंमी सोडा आणि मधोमध रेघ मारून दोन रकाने करा. ८ मिमी अंतराने ओळी आखल्या तर एका रकान्यात सुमारे ३४ ओळी बसतात. मथळे धरून साठेक सूत्रं होतात, आणि एवढी पुरतात. साडेनऊ सेंमी रुंदीच्या रकान्यात सूत्राला साडेतीन, एककाला दीड आणि अटीला साडेचार सेंमी द्या. अटीला सर्वांत जास्त जागा, हे मुद्दाम आहे.

गट पाडताना धड्यांची नावं बाजूला ठेवा. गणित वाचल्यावर मनात जो पहिला प्रश्न यायला हवा, तोच गटाचा मथळा करा. यांत्रिकीतल्या पहिल्या दोन गटांचे मथळे असे लिहा: "त्वरण स्थिर आहे?" आणि "त्वरण बदलतंय?". पहिल्याखाली v = u + at, s = ut + ½at², v² = u² + 2as ही तिन्ही आणि एकच सामाईक अट: "a स्थिर, सरळ रेषा, चिन्हं आधी ठरवा". दुसऱ्याखाली कार्य-ऊर्जा प्रमेय, ½mv², स्प्रिंगची ½kx².

याने काय फरक पडतो ते एका गणितात बघा. बल स्थिरांक २०० न्यूटन प्रति मीटर असलेली स्प्रिंग ०.१ मीटर दाबली आहे, तिच्यासमोर ०.५ किलोग्रॅमचा ठोकळा ठेवून ती सोडली. पृष्ठभाग आडवा, घर्षण नाही. स्प्रिंग मूळ लांबीला येते तेव्हा ठोकळ्याचा वेग किती?

फक्त सूत्रं लिहिलेलं पान समोर असेल तर हात सहज पहिल्या गटाकडे जातो. सुरुवातीचं बल २०० × ०.१ = २० न्यूटन, म्हणून त्वरण ४० मीटर प्रति सेकंद वर्ग. मग v² = २ × ४० × ०.१ = ८, म्हणजे वेग सुमारे २.८३ मीटर प्रति सेकंद. एककं बरोबर, आकडेमोड बरोबर, उत्तर चूक. कारण ४० हे त्वरण फक्त पहिल्या क्षणाचं आहे. स्प्रिंग सुटत जाते तसं ते कमी होत मूळ लांबीला शून्य होतं. "a स्थिर" ही अट डोळ्यांसमोर असती तर इथेच थांबायला झालं असतं. ऊर्जेने केलं तर ½kx² = ½mv², म्हणजे v² = २०० × ०.०१ ÷ ०.५ = ४ आणि वेग २ मीटर प्रति सेकंद. चुकीचं उत्तर बरोबर √२ पट आलं. कार्य काढताना शून्यापर्यंत उतरणाऱ्या बलाऐवजी पूर्ण बल धरलं की कार्य दुप्पट होतं, म्हणून v² दुप्पट.

अट लिहिताना "योग्य परिस्थितीत" असलं काही लिहू नका. तपासता येईल असं लिहा. P = V²/R समोर "V = त्याच रोधाच्या दोन टोकांमधलं विभवांतर" असं हवं. १२ व्होल्टच्या बॅटरीला २ आणि ४ ओहमचे रोध एकसरीत जोडले, तर ४ ओहममधली शक्ती १४४ ÷ ४ = ३६ वॅट नाही. प्रवाह २ अँपिअर, त्या रोधावर ८ व्होल्ट, म्हणून शक्ती १६ वॅट. लंबकाच्या T = 2π√(l/g) समोर "लहान कोन" एवढंच पुरत नाही, आकडा द्या: ३० अंशांच्या आयामाला खरा दोलनकाल या सूत्रापेक्षा साधारण १.७ टक्के जास्त असतो. भिंग आणि आरसा यांची सूत्रं चिन्हसंकेताशिवाय निरुपयोगी आहेत. तिथे एक छोटी आकृती काढा, बाणाने धन दिशा दाखवा, आणि भिंगाला 1/v − 1/u = 1/f, आरशाला 1/v + 1/u = 1/f असं शेजारी शेजारी लिहा.

एककाच्या चौकटीत फक्त उत्तराचं एकक नको, आत काय घालायचं तेही हवं. PV = nRT समोर "Pa, m³, K; R = 8.314" असं लिहा. इथली नेहमीची चूक तापमानाची. बंद डब्यातला वायू २७ वरून ५४ अंश सेल्सिअसला नेला की दाब दुप्पट होतो असं वाटतं. खरं तर तो ३०० केल्विनवरून ३२७ वर गेला, म्हणजे दाब फक्त १.०९ पट. Q = mcΔT मध्ये मात्र तापमानातला फरक आहे, तिथे सेल्सिअस चालतं. हा भेद त्या दोन ओळींवर लिहिलाच पाहिजे. तसंच x = A sin ωt समोर "कोन रेडियनमध्ये" लिहा, म्हणजे कॅल्क्युलेटर आधी तपासला जाईल.

एक अडचण पान भरल्यावरच लक्षात येते: एकच अक्षर अनेक कामं करतं. T म्हणजे दोलनकाल, तापमान आणि दोरीतला ताण; ρ म्हणजे घनता आणि रोधकता. प्रत्येक गटाच्या मथळ्यात "इथे T = ताण" असं दोन शब्दांत लिहा.

पक्की प्रत करण्याआधी कच्चं पान वापरून बघा. वेगवेगळ्या धड्यांतली, धड्याचं नाव झाकलेली वीस गणितं घ्या आणि फक्त पानाच्या आधारे सोडवा. प्रत्येक चुकीसमोर एक अक्षर मांडा: सूत्र पानावर नव्हतं तर "स", होतं पण चुकीच्या ठिकाणी लावलं तर "अ", एककात घसरलं तर "ए". "स" दोनदा आलेलं सूत्र आत घ्या, आणि वीस गणितांत ज्याला एकदाही हात लागला नाही अशा एखाद्या सूत्राचा त्यासाठी बळी द्या. "अ" आलं तर त्या ओळीची अट पुन्हा लिहा, शक्यतो चुकलेल्या गणिताच्याच शब्दांत. स्प्रिंगचं गणित चुकलं असेल तर "a स्थिर" च्या पुढे "स्प्रिंग असेल तर नाही" असं लिहा. पक्क्या प्रतीत प्रत्येक गटाखाली एक ओळ कोरी ठेवा. ती पुढच्या वीस गणितांत भरेल.