बिलं आणि बँकेच्या रकमा रोज कशा जुळवायच्या?

प्रश्न: माझं हार्डवेअर आणि पाइप-फिटिंगचं दुकान आहे. रोज यूपीआय, कार्ड, एनईएफटी, चेक मिळून पंचवीस-तीस रकमा येतात. रात्री दुकान बंद केल्यावर बिलांशी जुळवायला बसतो, पण चार-पाच रकमा कुणाच्या ते कळत नाही आणि तेवढीच बिलं उघडी राहतात. महिनाअखेरीस सीएंकडे गेल्यावर सगळा गोंधळ निघतो. हे रोजच्या रोज कसं करायचं? जे जुळत नाही त्याची यादी कशी ठेवायची?

उत्तर: आमचं सांगलीत नळ-सॅनिटरीचं दुकान आहे. गेली एकोणीस वर्षं बँकेचं काम माझ्याकडे आहे. तुमचा धंदा आमच्यासारखाच असल्यामुळे माझी पद्धत सविस्तर लिहिते.

पहिला बदल वेळेचा करा. रात्री बसू नका. सकाळी दुकान उघडल्यावर, गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू व्हायच्या आधी, कालच्या दिवसाची मिळवणी करा. कार्ड मशीनवर काल घासलेल्या कार्डांचे पैसे बहुधा आज जमा होतात. एनईएफटी आता चोवीस तास चालते, त्यामुळे गिऱ्हाइकाने रात्री अकराला पाठवलेली रक्कमही कालच्या तारखेत दिसते. रात्री बसलात तर जे अजून यायचंच आहे ते शोधण्यात वेळ जातो.

दुसरं, रकमेवरून जुळवू नका. मी पहिली काही वर्षं हेच करायचे आणि त्याचा मोठा फटका बसला. एका दिवशी दोघांनी एकाच बनावटीचे मिक्सर नळ नेले होते, दोघांचं बिल ४,७२० रुपये. बँकेत ४,७२० ची एकच जमा आली, त्यावर कुणा बाईंचं नाव. मी अंदाजाने ती एकाच्या नावावर टाकली आणि दुसऱ्याला आठवड्याने वसुलीचा फोन केला. पैसे त्यानेच भरले होते, बायकोच्या खात्यातून. तो माणूस पुन्हा दुकानात आला नाही. तेव्हापासून मी आधी संदर्भ क्रमांक बघते, मग नाव, आणि रक्कम शेवटी.

यूपीआयचा संदर्भ क्रमांक बारा आकडी असतो. तो बँकेच्या विवरणात असतो आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरही. आमच्या काउंटरवर नियम आहे की उधारीचं बिल यूपीआयने फेडलं, तर त्या क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे बिलावर पेनने लिहायचे, आणि संध्याकाळी पोऱ्या विवरणातून पूर्ण क्रमांक बिलांच्या यादीत भरतो. मग मी विवरण एक्सेलमध्ये उतरवते. आकडे चिकटवण्याआधी तो कॉलम टेक्स्ट करून घ्या. नाहीतर एक्सेल बारा आकडी क्रमांक 4.12E+11 असा दाखवतं आणि सुरुवातीला शून्य असेल तर ते खाऊन टाकतं. बिलांची यादी Bills नावाच्या शीटवर आणि तिथे संदर्भ क्रमांक F कॉलममध्ये असेल, तर बँकेच्या शीटवर B कॉलममधल्या क्रमांकासमोर एवढंच सूत्र लागतं:

```
=COUNTIF(Bills!$F:$F,B2)
```

१ आलं की जुळलं. ० आलं तर ती ओळ उरलेल्यांच्या यादीत जाते. आणि २ आलं तर हातातलं काम थांबवून दोन्ही बिलं काढा. बहुधा एकाच पेमेंटचा स्क्रीनशॉट दोन बिलांना दाखवला गेलेला असतो. कधी तो आपल्याच पोऱ्याचा गोंधळ असतो, कधी गिऱ्हाइकाची लबाडी.

आता ज्या रकमा बिलाएवढ्या नसतात त्यांच्याकडे येऊ. माझा सर्वात जास्त वेळ इथेच जातो.

कार्डाची जमा बहुधा बिलाएवढी नसते. समजा १८,५०० रुपयांची क्रेडिट कार्डं घासली आणि बँकेचा दर दीड टक्का आहे. २७७.५० शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी ४९.९५, म्हणजे खात्यात १८,१७२.५५ येतील. ही एकच ओळ पाच-सहा बिलांची असते. म्हणून ती थेट बिलांशी लावू नका. मशीनचा सेटलमेंट रिपोर्ट काढा. आधी रिपोर्टमधल्या मूळ रकमा बिलांशी जुळवा, मग रिपोर्टची निव्वळ बेरीज बँकेशी. रुपे डेबिट कार्डावर शुल्क नसल्यामुळे एकाच रिपोर्टमध्ये काही ओळी पूर्ण आणि काही कापलेल्या असतात, म्हणून सरसकट टक्का लावून तपासलं तर हिशेब लागत नाही. कापलेलं शुल्क खर्चात टाका आणि बिल पूर्ण रकमेने बंद करा. काही क्यूआर कोडचे पैसेही असेच दिवसाचे एकत्र येतात. तुमच्या काउंटरवरचा कोणता क्यूआर प्रत्येक रक्कम वेगळी देतो आणि कोणता गठ्ठ्याने, हे एकदा लिहून ठेवा.

ठेकेदारांच्या रकमांचं कोडं वेगळं. मागच्या महिन्यात एकाची एनईएफटी आली ४६,०२० ची. त्याची तीन बिलं उघडी होती: १७,३४६, २१,८३० आणि ८,९६८. बेरीज ४८,१४४, म्हणजे २,१२४ कमी. अशा वेळी बहुतेक जण जुनी दोन बिलं बंद करून उरलेले तिसऱ्यात अर्धवट जमा करतात. मी तसं करत नाही. आधी फरकाला १.१८ ने भागते. २,१२४ भागिले १.१८ बरोबर १,८००. फरक असा गोल निघाला की तो बहुधा परत आलेल्या मालाचा असतो. गोदामात विचारलं तर त्याने १,८०० चे बॉल व्हॉल्व्ह परत टाकले होते आणि आमची क्रेडिट नोट करायची राहिली होती. नोट केली आणि तिन्ही बिलं एका दमात बंद झाली. जुन्यापासून भरत गेले असते, तर तिसऱ्या बिलावर २,१२४ ची खोटी बाकी महिनोन्‌महिने दिसत राहिली असती.

सरकारी गिऱ्हाइकाचं थोडक्यात. नगरपालिकेसारख्या संस्थेला अडीच लाखांवरच्या कराराचा माल दिला, तर ती करपूर्व रकमेवर दोन टक्के जीएसटी टीडीएस कापते. ३,५४,००० च्या बिलात मूळ रक्कम ३,००,०००, म्हणून ६,००० कापून ३,४८,००० येतात. हे ६,००० बुडाले असं समजू नका. त्यांनी विवरणपत्र भरलं की पोर्टलवर तुमच्या नावे दिसतात, ते तुम्ही स्वीकारायचे असतात. स्वीकारेपर्यंत ही रक्कम माझ्या यादीत राहते.

यादीचे मी दोन भाग करते. एकात ‘बँकेत आहे, वहीत नाही’, दुसऱ्यात ‘वहीत आहे, बँकेत नाही’. हे एकत्र केलं की डोकं चालत नाही, कारण दोन्हींसाठी विचारायची माणसं वेगळी असतात. प्रत्येक ओळीत तारीख, रक्कम, संदर्भ क्रमांक, विवरणात जसं दिसलं तसं नाव, माझा संशय, आणि कुणाला कधी विचारलं. ‘संशय’ हा रकाना रिकामा ठेवायचा नाही. ‘माहीत नाही’ असं लिहिलेलंही चालेल.

गेल्या गुरुवारची यादी सांगते. वहीत होतं पण बँकेत नव्हतं असं दोन: १२,३९० चा चेक आणि ३,५४० ची यूपीआय. बँकेत होतं पण वहीत नव्हतं असंही दोन: ७,५०० ची अनोळखी जमा आणि बँकेने कापलेले ११८ रुपये शुल्क. वहीप्रमाणे बँकेची शिल्लक २,८६,४१०. त्यातून १२,३९० आणि ३,५४० वजा, ७,५०० मिळवले, ११८ वजा केले, की २,७७,८६२ येतात. बँकेच्या विवरणातही तीच शिल्लक होती. हा ताळा रोज करा. तो लागला नाही तर यादीत काहीतरी सुटलंय किंवा रक्कम चुकीची लिहिलीय. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर आधी उलटे लिहिलेले आकडे शोधा, ५४० चे ४५० झालेले असू शकतात. मात्र एक मर्यादा लक्षात ठेवा. वर सांगितलेल्या ४,७२० सारखी चूक या ताळ्यात सापडत नाही. पैसे चुकीच्या माणसाच्या नावावर गेले तरी बेरीज बरोबरच येते. ती चूक फक्त संदर्भ क्रमांक पकडतो.

त्या चार ओळींचं पुढे काय झालं तेही सांगते. ११८ लगेच बँक शुल्कात टाकले. चेक ४ ऑक्टोबर २०२५ पासून गठ्ठ्याने न जाता दिवसभर सलग वटवले जातात, त्यामुळे तो दुसऱ्या दिवशी वटला. पण एक पथ्य पाळा. विवरणात चेकची जमा दिसली तरी ‘उपलब्ध शिल्लक’ वाढली आहे का ते बघून मगच बिल बंद करा. परत आलेला चेक नंतर नावे पडतो आणि तोवर आपण त्या माणसाला आणखी माल दिलेला असतो.

३,५४० च्या यूपीआयमध्ये गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले होते पण आमच्याकडे आले नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे पाच दिवसांत आपोआप त्याच्या खात्यात परत जायला हवेत, त्यानंतर दिवसाला शंभर रुपये भरपाई त्याला मिळते. म्हणून मी त्या ओळीपुढे पाचव्या दिवसाची तारीख लिहिली, गिऱ्हाइकाला हे समजावलं आणि मधे तगादा लावला नाही. चौथ्या दिवशी पैसे त्याच्याकडे परत गेले, त्याने दुकानात येऊन रोख दिले. स्क्रीनशॉट बघून वहीत जमा लिहायची नाही, आधी खात्यात दिसू द्यायचं, हे पोऱ्याला त्या दिवशी पुन्हा एकदा सांगितलं.

७,५०० अजून यादीतच आहेत. ते मी विक्रीत धरलेले नाहीत आणि कुठल्याही गिऱ्हाइकाच्या नावावर ढकललेले नाहीत, ‘ओळख न पटलेली जमा’ या खात्यावर ठेवले आहेत. परवा एकाचा फोन आला, ‘चुकून तुमच्याकडे आलेत, या नंबरवर परत पाठवा.’ मी बारा आकडी क्रमांक विचारला, तो त्याला सांगता आला नाही. तुम्हालाही असा फोन आला तर स्वतःहून पैसे पाठवू नका. त्याने त्याच्या बँकेत तक्रार करावी, आपण आपल्या बँकेच्या पत्रानेच परत करावेत. मी आमच्या शाखेत पाठवणाऱ्याचा तपशील लेखी मागितला आहे. उत्तर येईपर्यंत ती ओळ रोज सकाळी नव्या यादीच्या डोक्यावर, मूळ तारखेसकट, उतरवून घेते.