फक्त रविवारीच पळतो, तरी सकाळी उठलं की टाचेमागची शीर दुखायलीय. महिनाभर आराम केला, परत पळालो की परत तेच. काय करू?

भाऊ, आधी बोटांनी दाबून नेमकी जागा बघा. टाचेच्या हाडाच्या दोन-तीन बोटं वर दुखत असेल आणि तिथं शीर चिमटीत धरली की जाड लागत असेल तर मी सांगतोय तसंच करा. अगदी हाडाला लागूनच दुखत असेल तर व्यायाम हाच, पण सपाट फरशीवर, टाच पायरीच्या खाली सोडायची नाही, कारण तशी सोडली की शीर हाडावर दाबली जाते आणि दुखणं वाढतं.

माझं वरचं होतं. आठवडाभर दुकानात बैठक आणि रविवारी गोगाबाबा टेकडीकडे पळायला, तेही एका महिन्यात 5 चे 10 किमी करून, वर चढ. मग मीही तीन आठवडे घरी बसलो. आरामानं ठणका जातो हो, पण शिरेची ओझं झेलायची ताकदही उतरते, म्हणून पहिल्याच रविवारी परत दुखतं. तिला ओझ्याची सवय लावावी लागते, हळूहळू.

पहिले दोन आठवडे मी फरशीवर दोन्ही पायांनी टाचा उचलायचो, 15 वेळा, असे तीन सेट. मग जिन्याच्या पायरीवर, भिंतीला हात लावून. टाच वर उचलताना दोन्ही पाय, पायरीच्या खाली सोडताना फक्त दुखरा पाय, मनात तीन आकडे मोजत सावकाश. तीन सेट गुडघा सरळ ठेवून, तीन सेट गुडघा थोडा वाकवून, कारण गुडघा वाकला की पोटरीच्या आतल्या स्नायूवर जास्त काम येतं आणि पळताना तोच जास्त राबतो.

करताना थोडं दुखणारच, 10 पैकी 4-5 पर्यंत चालतं. खरा हिशोब दुसऱ्या दिवशी सकाळी, पलंगावरून उतरल्यावरच्या पहिल्या दहा-बारा पावलांत. रोजच्यापेक्षा जास्त आखडलं तर कालचं ओझं जास्त झालं. पाचव्या आठवड्यात मी सॅकमध्ये 5 किलो ज्वारी भरून केलं आणि सकाळी लंगडत मोरीपर्यंत गेलो, मग 2 किलोवर आलो, दिवसाआड केलं, आणि 5 किलो नीट झेपायला अजून तीन आठवडे लागले. एकूण 12 आठवडे तरी धरूनच चला, चौथ्या आठवड्यात फरक दिसत नाही म्हणून सोडू नका, बरेच जण तिथंच सोडतात.

पळणं पूर्ण बंद करायची गरज नाही. सपाट रस्त्यावर एक मिनिट पळा, एक मिनिट चाला, मध्ये दोन दिवस सोडा, आणि परत तीच सकाळची परीक्षा. चढ सगळ्यात शेवटी.

आणि पळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, फट्कन आवाज आला आणि त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर व्यायाम वगैरे काही नाही, त्याच दिवशी हाडाच्या डॉक्टरकडे जा, शीर तुटलेली असू शकते.