किमोनंतरचा ताप: रात्रीच का निघायचं?

प्रश्न: आईची (वय 58) स्तनाच्या कॅन्सरसाठी दुसरी किमो होऊन दहा दिवस झाले. काल रात्री साडेनऊला अंग गरम लागलं, बघितलं तर 100.6. पॅरासिटामॉल दिली, ताप उतरला, आज सकाळी ती पेज जेवली आणि बरी वाटते. ताप आला तर ताबडतोब आणा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आम्ही वाळपईच्या आत राहतो. एवढ्याशा तापाला रात्रीच बांबोळीपर्यंत धावायची खरंच गरज असते का?

उत्तर:

हो, असते. आणि आज ती बरी दिसत असली तरी हे वाचून झाल्यावर आधी किमो जिथे चालू आहे तिथे फोन करा. दहावा दिवस, काल 100.6, रात्री पॅरासिटामॉल दिली, एवढं सांगा. बहुतेक आजच बोलावतील. तिची रक्ततपासणी आणि डॉक्टरांची नजर आजच पडायला हवी. पुन्हा ताप येण्याची वाट बघू नका.

दहावा दिवस का महत्त्वाचा, ते सांगते. जंतूंवर पहिला हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. रक्तात आल्यावर त्या जेमतेम एक दिवस टिकतात, म्हणून हाडांच्या मगजात त्या सतत नव्याने तयार होत असतात. किमो हे उत्पादन थोपवते. मगजात तयार असलेला साठा काही दिवस पुरतो आणि मग आकडा घसरतो. बऱ्याच किमोंमध्ये सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तो तळाला असतो. त्यामुळे किमोच्या दुसऱ्या दिवशीचा ताप आणि दहाव्या दिवशीचा ताप सारख्या धोक्याचे नसतात.

त्याच दिवसांत किमोने तोंडाचं आणि आतड्याचं आतलं अस्तरही सोलवटलेलं असतं. आतड्यात आपल्या सगळ्यांच्याच पोटात राहणारे जंतू असतात, ई. कोलाय, क्लेबसिएला वगैरे. एरवी ते तिथेच राहतात. अस्तर फाटलं की ते रक्तात शिरतात, आणि तिथे त्यांना अडवायला न्यूट्रोफिल नसतात. पुष्कळदा संसर्ग बाहेरून कुणी आणलेला नसतो, तो रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातलाच असतो. म्हणून घर कितीही स्वच्छ ठेवलं, पाहुणे बंद केले, तरी ताप येऊ शकतो. तुमच्या हातून काही राहिलं असं मनाला लावून घेऊ नका.

आता 'एवढासा ताप' याविषयी. निरोगी माणसाला संसर्ग झाला की खोकल्यात कफ येतो, जखम लाल होऊन पिकते, लघवीत पू दिसतो. हा पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिलच. तेच नसतील तर पूही नाही, सूजही नाही आणि छातीचा एक्स-रेही सुरुवातीला स्वच्छ दिसू शकतो. आत संसर्ग चालू असल्याची उरलेली एकच खूण बहुतेक वेळा तापाची असते. पॅरासिटामॉल नेमकी तीच पुसून टाकते. जंतू तिथेच असतात, वाढतही असतात, फक्त थर्मामीटर गप्प होतो. वाईट जंतू असेल तर जेवत-बोलत असलेला माणूस काही तासांत रक्तदाब पडून शॉकमध्ये जाऊ शकतो. रात्र काढून सकाळी जाऊ म्हणण्यात धोका आहे तो हा.

डॉक्टरांची व्याख्या अशी: तोंडातला ताप एकदा जरी 101 (38.3 सेल्सिअस) झाला, किंवा 100.4 (38) च्या वर तासभर राहिला, आणि न्यूट्रोफिल 500 च्या खाली असतील किंवा दोन दिवसांत जाणार असतील, तर ती तातडी. पण घरी तासभर बघत बसू नका. 100.4 दिसला की फोन करा आणि निघायच्या तयारीला लागा. वाळपईहून बांबोळीला पोचेपर्यंत तो तास रस्त्यातच जाणार आहे.

ताप साध्या डिजिटल थर्मामीटरने जिभेखाली मोजा. गरम चहा किंवा गार पाणी घेतलं असेल तर पंधरा मिनिटं थांबा. तोंड आलेलं असेल तर काखेत मोजा, पण काखेतला आकडा कमी येतो, म्हणून 100.4 ची वाट न बघता 'काखेत इतका आहे' असं फोनवर सांगा. कपाळावर धरायच्या बंदुकीवर या दिवसांत मी विसंबणार नाही. गुदद्वारातून मात्र कधीही मोजू नका, तिथलं नाजूक अस्तर खरचटलं तर जंतूंना वाट मिळते. त्याच कारणासाठी एनिमा आणि सपोझिटरीही नको. किमोबरोबरच्या उलटीच्या गोळ्यांनी मलावरोध होतो, तेव्हा शौच मऊ करणारं औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

एक चूक फार घरांत होते. पेशी वाढवायचं इंजेक्शन (फिलग्रास्टिम किंवा पेगफिलग्रास्टिम) घेतल्यावर हाडं दुखतात, म्हणून घरचे दिवसातून तीनदा पॅरासिटामॉल देत राहतात. ताप येऊन गेला तरी कळत नाही. गोळी द्यायची असेल तर प्रत्येक गोळीआधी ताप मोजा आणि वेळेसकट वहीत लिहा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आपल्या मनाने देऊच नका. किमोने प्लेटलेट्सही उतरलेल्या असू शकतात, त्यात रक्तस्रावाची भीती. गावातल्या दवाखान्यात कमरेला 'तापाचं इंजेक्शन' घेणंही याच कारणाने टाळा.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये ताप म्हटला की डेंगी, आणि तपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी निघाल्या की सगळ्यांना खात्रीच पटते. पण किमोनंतर दोन्ही आकडे तसेही कमी असतात. डेंगीची, मलेरियाची तपासणी जरूर करू देत, पण तिच्यासाठी अँटिबायोटिक थांबता कामा नये. किमो चालू असल्याचं समोरच्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

रिपोर्ट हातात आला तर आकडा असा काढा. समजा एकूण पांढऱ्या पेशी (टीएलसी) 1,200 आणि न्यूट्रोफिल 15 टक्के. 1,200 चे 15 टक्के म्हणजे 180. हा आकडा 500 च्या खाली आहे, म्हणजे गंभीर. दुसऱ्या एखाद्या रिपोर्टात टीएलसी 3,000 आणि न्यूट्रोफिल 60 टक्के, तर 1,800, बरेच बरे. 'पांढऱ्या पेशी 1,200 आहेत' एवढ्यावर अंदाज करू नका, टक्केवारी बघा. आणि चार दिवसांपूर्वीचा चांगला रिपोर्ट आजच्या तापाला दिलासा देत नाही, या दिवसांत आकडा रोज बदलतो.

काल रात्री साडेनऊपासून काय व्हायला हवं होतं, ते क्रमाने सांगते, कारण ही वेळ पुढच्या फेऱ्यांतही येऊ शकते. 9.30 ला 100.6. गोळी नाही. वॉर्डाच्या रात्रीच्या नंबरवर फोन, तो आजच घेऊन ठेवा. गाडी नसेल किंवा आई गळून गेली असेल तर 108. डिस्चार्ज कार्ड, किमोचं नाव-तारीख, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट, चालू औषधं, कशाची अॅलर्जी असेल तर ती, हे सगळं एका पिशवीत तयार हवं. छातीत पोर्ट किंवा हातात पिक लाइन असेल तर तेही सांगायचं. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत पोचल्यावर तोंडाला मास्क, आणि खोकणाऱ्या गर्दीत बाकावर बसवून न ठेवता सरळ म्हणा, "किमो चालू आहे, आज दहावा दिवस, ताप आहे, पेशी कमी असतील." हे वाक्य ऐकलं की कामाची गती बदलते.

तिथे रक्त काढतील, कल्चरसाठी दोन वेगळ्या जागांहून, पोर्ट असेल तर एक त्यातून. मग शिरेतून अँटिबायोटिक, पिपेरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिमसारखं. हे पोचल्यापासून तासाभरात सुरू व्हावं अशी अपेक्षा असते, पेशींचा रिपोर्ट यायच्याही आधी. अर्धा-पाऊण तास झाला आणि काहीच हललं नाही तर सिस्टरना नम्रपणे पण स्पष्ट विचारा, "अँटिबायोटिक कधी लागणार?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सगळ्यांनाच दाखल करतात असं नाही. तपासून, काही तास नजरेखाली ठेवून, धोका कमी वाटला तर काहींना तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकवर घरी सोडतात. पण तो निर्णय तपासल्यानंतरचा. घरात उरलेली अँटिबायोटिक काढून दिली तर कल्चरमध्ये जंतू सापडणं अवघड होतं.

आईला भान राहत नसेल, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, हातपाय गार पडून श्वास जलद चालला असेल, किंवा सहा-आठ तासांत लघवीच झाली नसेल, तर बांबोळी गाठायचा हट्ट नको. वाळपईचं आरोग्य केंद्र आधी. तिथे सलाइन आणि पहिला डोस सुरू करून मग 108 ने पुढे. असं झालं तर ताप नसला तरी निघा. वयस्कर माणसांना आणि स्टेरॉइड चालू असलेल्यांना ताप येतच नाही कधी कधी, उलट अंग गार पडतं. नुसती दातांवर दात आपटणारी हुडहुडी, विशेषतः पोर्टमधून औषध किंवा सलाइन सोडल्यावर लगेच आलेली, हीसुद्धा तापाइतकीच खूण. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दुखून जुलाब होत असतील तर फोनवर ते मुद्दाम सांगा, आतड्याच्या संसर्गाचा संशय त्यावरून येतो.

दिवार-चोडणसारख्या बेटांवर राहणाऱ्यांनी किमोच्या आधीच फेरीबोटीच्या रात्रीच्या वेळा विचारून ठेवाव्यात. सातव्या ते चौदाव्या दिवसांपुरतं पणजी-बांबोळीजवळच्या नातेवाइकाकडे राहणं जमत असेल तर मी तेच सुचवेन, तुम्हालाही.

दाखल केलं तर योग्य औषध चालू असूनही ताप तीन-चार दिवस येत राहू शकतो. रक्तदाब ठीक आणि माणूस हुशारीत असेल तर त्याने घाबरून दवाखाना बदलू नका. कल्चरचा रिपोर्टही एक-दोन दिवस घेतो. आणि पुढच्या किमोच्या आधी डॉक्टरांना या तापाची आठवण द्या, काल घरीच उतरला असला तरी. पेशी वाढवायचं इंजेक्शन सुरू करायचं, डोस कमी करायचा की किमो आठवडाभर पुढे ढकलायची, हे त्यावरून ठरतं.