रफ कटवर लिहिताना: प्रश्नोत्तरे

विद्यार्थिनीने ऊसतोड कुटुंबावरच्या २१ मिनिटांच्या फिल्मचा पहिला कट पाठवला. मधे भाकरीचा सीन फार रेंगाळतो. 'कापून टाक' असं लिहू का? – एक शिक्षक, बीड

सर, अजून नको. कट आधी न थांबवता पाहा आणि लक्ष उडालं तिथली वेळ तेवढी कागदावर टिपा. दुसऱ्यांदा पाहताना त्या वेळेच्या मागे जा, कारण कंटाळा जिथे येतो तिथे त्याचं कारण असतंच असं नाही.

तुम्ही सोबत लिहिलेल्या वेळांवरून पाहतो. आई ८:१० ते १०:३० भाकरी थापते. पहाटे ट्रॅक्टर येणार आणि मुलगा आजीकडे राहणार, हे मुकादमाच्या फोनवरून कळतं ते ११:०५ ला. तोवर प्रेक्षकासाठी ती रोजचीच संध्याकाळ असते, मग दोन मिनिटं भाकरी कोण बघणार? म्हणून असं लिहा: '८:१० नंतर माझं लक्ष उडालं. उद्या निघायचंय हे मला ११:०५ ला कळलं. प्रेक्षकाला ते कधी कळावं असं तुझ्या मनात आहे?'

बहुधा ती फोन आधी घेऊन पाहील. त्यासाठी नवं शूटिंग लागत नाही. तोच सीन, तेवढ्याच लांबीचा, निरोपाचा वाटू लागेल. तरीही रेंगाळला तर कात्री आहेच. उलट उशिरा कळणं तिने मुद्दाम ठेवलं असेल, तर तुमचा प्रश्न बदलतो: मग आधीच्या दहा मिनिटांत प्रेक्षकाने कशाची वाट पाहायची?

आवाज कच्चा आहे, रंग प्रत्येक शॉटला वेगळा. तेही लिहायचं ना? – लातूर

रंगाचं सोडा. ग्रेडिंग आणि साउंड मिक्स एडिट पक्कं झाल्यावरच होतात. अपवाद एकच: वाऱ्याने किंवा पंख्याने खाल्लेला, हेडफोन लावूनही न कळणारा संवाद. तो वेळेसह लगेच कळवा, कारण मिक्समध्ये तो परत येत नाही, डबिंग करावं लागतं. गावातलीच माणसं कॅमेऱ्यासमोर असतील, तर दिवाळीच्या सुमारास ती कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्यापर्यंत हाती लागत नाहीत. तात्पुरतं लावलेलं गाणं असेल तर तो सीन म्यूट करूनही पाहा. रडू गाण्यामुळे येत असेल तर तसं स्पष्ट लिहा.

माझे तीस-चाळीस मुद्दे झालेत. सगळे पाठवू? – परभणी

पाठवा, पण एका ढिगात नको. वर कटची तारीख आणि आवृत्ती लिहा, कारण विद्यार्थ्याने एक शॉट जरी काढला तरी पुढच्या सगळ्या वेळा सरकतात. मग गोष्ट कळण्याबद्दलचे दोन-तीन मुद्दे सविस्तर. जंप कट, सबटायटलमधल्या चुका वगैरे वेगळ्या फाइलमध्ये, आणि ती पुढच्या कटनंतरच पाठवा. त्यातले निम्मे शॉट तोवर गेलेले असतात.